मुद्दा क्रमांक ३, पाऊण तास

संचालक मंडळाच्या सभेचा अजेंडा लिहायला किती वेळ लागतो? बऱ्याच जणांच्या मते, मागच्या सभेचा मेल उघडून तारीख बदलायला लागतो तेवढा. विषय ठरलेले असतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, अमुकबाबत विचारविनिमय करणे आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. ग्रामपंचायत असो, दूध संस्था असो की शाळेची समिती, महाराष्ट्रात या चार ओळी सगळ्यांना पाठ आहेत. लग्नपत्रिकेत फक्त वधूवरांची नावं बदलावीत तशी यात तारीख बदलते.

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. मंडळावर दहा शेतकरी, त्यांतल्या दोन बाया, वयं पस्तिशीपासून सत्तरीपर्यंत. सभेची नोटीस काढायची जबाबदारी कायद्याने माझीच. कंपनी कायद्यात उत्पादक कंपन्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. त्यानुसार सभा दर तीन महिन्यांत एकदा तरी झाली पाहिजे, नोटीस निदान सात दिवस आधी लेखी गेली पाहिजे आणि कोरमला एक तृतीयांश, पण कमीत कमी तीन संचालक हवेत. सात दिवस मोजताना मी मेल पाठवल्याचा आणि सभेचा, असे दोन्ही दिवस सोडते. सभा शनिवारी २० तारखेला असली तर मेल शुक्रवारी १२ ला जातो. घाईची सभा कमी मुदतीत बोलावता येते, पण मग घाई का होती तेही मंडळाला लिहून ठेवावं लागतं. ते लिहिताना पेन अडखळतं, कारण बहुतेक वेळा खरं कारण ‘अजेंडा तयार नव्हता’ हेच असतं.

मेल जातो, त्याचीच पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, आणि दोघातिघांचा मेल त्यांची मुलंच उघडतात. त्यामुळे वार, तारीख, वेळ आणि जागा मी मेलच्या विषयाच्या ओळीतच घालते. आत काय लिहिलंय ते कुणी उघडो न उघडो, शनिवारी ११ वाजता गोदामावर यायचंय एवढं तरी घरात पोहोचतं.

खरी गंमत मुद्द्यांच्या भाषेत आहे. आमच्या एका ज्येष्ठ संचालकांनी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, एकदा फोन करून विचारलं, “मॅडम, कागद वाचला सगळा. पण आम्ही तिथं येऊन ठरवायचं काय?” मुद्दा असा होता: ‘हंगामातील सोयाबीन खरेदीसाठी खेळत्या भांडवलाबाबत विचारविनिमय करणे.’ विचारविनिमय तर कट्ट्यावरही होतो. त्यासाठी दहा जणांनी रानातली कामं सोडून यायचं कशाला?

त्या फोननंतर मी प्रत्येक मुद्द्यापुढे एक खूण लिहू लागले: माहितीसाठी, चर्चेसाठी किंवा निर्णयासाठी. निर्णयाचा मुद्दा असेल तर ठरावाचा मसुदाच खाली देते. तो सोयाबीनचा मुद्दा मग असा झाला:

‘मुद्दा ३. निर्णयासाठी. वेळ ११:१५ ते १२:००. सोयाबीन खरेदीसाठी ३० लाख रुपयांपर्यंत खेळत्या भांडवलाचे कर्ज, वार्षिक १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसलेल्या व्याजदराने, जास्तीत जास्त चार महिन्यांसाठी घेण्यास मंजुरी द्यावी का? कागदपत्रांवर सह्यांचे अधिकार अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी यांना संयुक्तपणे द्यावेत का? वाचायचा कागद: जोडपत्र २, एक पान.’

यातला प्रत्येक आकडा भांडण लावणारा आहे, आणि म्हणूनच तो सभेच्या आठ दिवस आधी घराघरांत पोहोचायला हवा. रक्कम, व्याजाची मर्यादा, मुदत, सह्या कुणाच्या. कर्ज देणाऱ्यालाही ठरावाच्या सहीशिक्क्याच्या प्रतीत नेमकं हेच हवं असतं. ‘आवश्यक ते कर्ज घेण्यास सर्वानुमते मंजुरी’ असा मोघम ठराव नेला की तो परत येतो. मग नवी सभा, नवी नोटीस, पुन्हा सात दिवस. तोवर सोयाबीन शेतकऱ्याच्या अंगणातून व्यापाऱ्याच्या काट्यावर गेलेलं असतं. आमच्याकडे बहुतेकांचं पीक दिवाळीच्या खर्चासाठीच विकलं जातं, ते आमच्या ठरावासाठी थांबत नाही.

जोडपत्र एकाच पानाचं ठेवायचं, हा माझा हट्ट. बँकेचं पत्र, अटींची पुस्तिका, मागच्या वर्षीचा ताळेबंद हे सगळं मागितलं तर मिळेल, कार्यालयात ठेवलेलं आहे. घरी जातं ते एक पान, आणि त्या पानावर एकच हिशेब. भाव ४,५०० रुपये क्विंटल धरला. १,००० क्विंटल घ्यायचं तर ४५ लाख लागतात. स्वतःचे १५ आहेत, ३० कमी पडतात. ३० लाखांवर १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज ९० हजार, म्हणजे क्विंटलमागे ९० रुपये. गोदामभाडं ५० किलोच्या पोत्याला महिना ६ रुपये, म्हणजे तीन महिन्यांत क्विंटलला ३६. शिवाय माल वाळतो. १२ टक्के ओलाव्याने घेतलेला दाणा ११ टक्क्यांवर आला तर वजनात शंभरामागे साधारण एक किलो शंभर ग्रॅम घटतात, म्हणजे क्विंटलला ५० रुपये. बेरीज १७६. म्हणजे जानेवारीत भाव ४,६७६ झाला तर आपण जिथल्या तिथे. त्याच्या वर गेला तरच कमाई, आणि हमाली, विमा, उंदीर हे अजून धरलेच नाहीत. (हमीभाव केंद्र मिळेल की नाही हा प्रश्न वेगळा. हा हिशेब खुल्या बाजाराचा.)

पानाच्या तळाशी दोन ओळी मी आवर्जून घालते. दुसरा पर्याय कोणता, तर माल घ्यायचा आणि त्याच आठवड्यात प्रक्रिया कारखान्याला द्यायचा. नफा थोडा, पण स्वतःच्या १५ लाखांतच भागतं. आणि या सभेत निर्णय झाला नाही तर काय? आपोआप दुसरा पर्याय लागू, कारण पुढच्या सभेपर्यंत हंगाम उलटलेला असेल. या शेवटच्या ओळीचा परिणाम मोठा. ‘पुढच्या सभेत बघू’ हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत असते, हे सभेत कुणी बोलून दाखवत नाही. कागदावर असलं की बोलावं लागत नाही.

आता वेळा. सभा ११ ते १. शेतीच्या विजेची पाळी दिवसाची आहे की रात्रीची ते आधी बघायचं, तालुक्याच्या बाजाराचा वार टाळायचा, मग वेळ ठरवायची. वेळेची वाटणी करताना माझा नियम साधा आहे: ज्या मुद्द्यावर माणसं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतात, त्याला सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात आधीची जागा. इतिवृत्त ५ मिनिटं. ते मेलबरोबर गेलेलंच असतं, सभेत वाचून दाखवायचं नाही, फक्त दुरुस्ती असेल तर सांगायची. मागच्या निर्णयांवर काय झालं याला १०. मग ११:१५ ला कर्ज, ताजं डोकं असताना. १२ ला १० मिनिटं चहा. मग गोदामाला २०, नव्या सभासदांच्या शेअर अर्जांना १०, माझ्या अहवालाला १० आणि ऐनवेळच्या विषयांना १०.

अहवाल पूर्वी पहिला असायचा. अधिकाऱ्याला तेच सोयीचं, कारण अहवाल लांबवला की कठीण मुद्दा आपोआप जेवणाच्या तोंडावर येतो आणि भुकेलं मंडळ कशालाही मंजुरी देतं. पूर्वी काम केलेल्या एका संस्थेत मोठ्या रकमेचे विषय नेमके वांग्याची भाजी तयार झाल्याचा वास सुटल्यावर यायचे, आणि त्यात योगायोग नव्हता. म्हणून माझा अहवाल आता शेवटून दुसरा, आणि मेलमध्ये त्यापुढे स्पष्ट लिहिलेलं: ‘वाचून आलात असे धरले जाईल. फक्त प्रश्न.’

गोदामाचा मुद्दा कर्जाच्या मागे ठेवण्याला वेगळं कारण आहे. भाड्याने घ्यायच्या तीन गोदामांपैकी एक आमच्याच एका संचालकांच्या धाकट्या भावाचं. असा हितसंबंध संचालकाने मंडळाला आधीच सांगायचा असतो, तो त्यांनी सांगितलाही. मेलमध्ये मुद्द्याखाली तशी ओळ लिहिली. चर्चेच्या वेळी त्यांनी बाहेर बसायचं, ही आमच्या मंडळाने स्वतः घालून घेतलेली रीत. क्रम उलटा असता तर आधी गोदाम ठरलं असतं आणि मग ‘आता गोदाम घेतलंच आहे, तर भरायला माल हवा’ म्हणून कर्ज ओघाने मंजूर झालं असतं. क्रम लावणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, हे अजेंडा लिहायला बसल्यावर कळतं. म्हणून कच्चा अजेंडा मी अध्यक्षांना दोन दिवस आधी दाखवते. ते क्रम बदलतात कधीकधी. कुरकुरत का होईना, मी बदलते.

त्या सभेत कर्जाला पाऊण तास पुरला नाही, तासभर गेला. मंडळावरच्या एका ताईंनी विचारलं, “भाव पडला तर चार महिन्यांनी फेडायचं कुठून?” हा प्रश्न माझ्या पानावर नव्हता. अण्णा ठरावाचा कागद घडी करून खिशातून घेऊनच आले होते, त्यावर पेन्सिलने ३० चे २० केलेले. शेवटी २० वरच ठरलं, म्हणजे खरेदी साधारण ७७५ क्विंटलची. व्याजाची मर्यादा तीच राहिली, मुदत तीच. वर ताईंच्या सांगण्यावरून एक अट आली: भाव खरेदीपेक्षा २०० रुपयांनी खाली गेला तर अध्यक्षांनी लगेच सभा बोलवायची, मुदत संपायची वाट बघत बसायचं नाही. मसुदा समोर होता म्हणून खोडाखोड करता आली. इतिवृत्त लिहायला मला त्या दिवशी फार कष्ट पडले नाहीत.

ऐनवेळच्या विषयांची १० मिनिटं मात्र कधीच पुरत नाहीत. त्या दिवशी एकाने जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय, आजच ठराव करून टाकू, असं सुचवलं. किंमत तोंडी, कागद नाही, मालक कोण तेही नीट माहीत नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “भाऊ, पुढच्या अजेंड्यात निर्णयासाठी घेते. आरसी बुकाची झेरॉक्स आणि गॅरेजवाल्याचा अंदाज तेवढा सभेच्या दहा दिवस आधी द्या.” झेरॉक्स अजून आलेली नाही. ट्रॅक्टरही बहुधा तिथेच उभा आहे.