मास्कची लांबी

आज संध्याकाळी Anki ॲपमध्ये ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची, कार्डे चाळताना आकृतीकडे धड पाहण्याआधीच ‘मस्क्युलोक्युटेनियस’ हे उत्तर माझ्या तोंडून निघून गेले. उत्तर बरोबर होते. ते कशावरून दिले हे मात्र मला क्षणभर कळेना, आणि कळले तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. कार्डात आकृतीवरची नावे रंगीत पट्ट्यांनी, म्हणजे मास्कनी, झाकलेली असतात; विचारलेल्या नावावरचा लालसर मास्क बाकीच्या पिवळ्या मास्कपेक्षा लांब होता. आकृतीत टोकाच्या पाचच शाखा आहेत आणि त्यांत एवढे लांब नाव दुसऱ्या कोणत्याही नर्व्हचे नाही. म्हणजे मी नर्व्ह ओळखलीच नव्हती, पट्टी ओळखली होती.

एका मास्कखाली एकच नाव झाकायचे, शेजारच्या नावाला धक्का लावायचा नाही आणि अक्षराचे एखादे टोकही बाहेर डोकावू द्यायचे नाही, ही काळजी मी मनापासून घेत आले आहे. पानाचा फोटो तिरका आला तर चौकोन नावावर सरळ बसत नाही, म्हणून मी पुस्तक सपाट ठेवून पुन्हा फोटो काढते आणि मोठे करून एकेक मास्क ओढते. इतक्या निगुतीने नावाला चिकटवून बसवलेला मास्कच नावाची लांबी सांगून टाकतो, ही गोष्ट आज फार लागली. घरून फोन आला होता, तेव्हाही माझे लक्ष नव्हते; त्याबद्दल आज लिहवत नाही.

ताईने सुरुवातीलाच सांगितले होते की ‘Hide All, Guess One’ निवड, म्हणजे एक नाव विचारताना बाकीची सगळी झाकलेली राहतात. ते पटलेही होते. ‘Hide One, Guess One’ मध्ये C5, C6, C8 आणि T1 ही मुळे डोळ्यांसमोर असताना मधला C7 ओळखण्यात काहीच कस लागत नाही. राहिलेले नाव आपोआप उरते. पण सगळी नावे झाकली तरी मास्कचे आकार उघडेच राहतात. मग गेले कित्येक दिवस उत्तर आले म्हणून मी जे ‘Good’ दाबत आले, त्यातले खरे किती? हा प्रश्न मी दोनदा बाजूला सारला आणि दोन्ही वेळा तो परत आला.

जेवण झाल्यावर आकृती पुन्हा उघडली. सर्वांत लांब नावावरचा मास्क मापासाठी धरला आणि बाकीचे चारही तेवढेच रुंद व तेवढेच उंच केले. अडचण आली ती मीडियनपाशी. तिथे अल्नरचे नाव अगदी लागून छापलेले आहे आणि रुंद केलेला मास्क निर्देशरेषेचे टोक गिळत होता. रेषा नावाला जिथे भिडते तो भाग झाकला गेला की प्रश्न नक्की कशाबद्दल आहे हेच कळत नाही. म्हणून रेषेकडची कड होती तिथेच ठेवली आणि मास्क समासाच्या कोऱ्या बाजूला वाढवला. उंची थोडी कमी केली, पण ती पाचही मास्कची सारखीच केली. आता पाचही पट्ट्या एका मापाच्या दिसतात, आणि ते पाहून बरे वाटले.

तरीही जागा उरतेच. सर्वांत वरची पट्टी मस्क्युलोक्युटेनियसची आहे हे हाताला पाठ होणारच, आणि त्यावर मास्कच्या मापाचा इलाज नाही. त्यासाठी दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे त्याच भागाची दुसऱ्या पुस्तकातली, नावे वेगळ्या क्रमाने लावलेली आकृतीही कार्डात घ्यायची. दुसरी म्हणजे उत्तरासोबत कारण सांगायचे आणि तेच कार्डाच्या मागच्या बाजूला दिसणाऱ्या ‘Back Extra’ मध्ये लिहून ठेवायचे. मस्क्युलोक्युटेनियस लॅटरल कॉर्डमधून, म्हणजे प्लेक्ससच्या एका जाड दोरीतून, निघते आणि कोरॅकोब्रॅकियालिस या स्नायूला भेदून जाते. मीडियनला लॅटरल आणि मीडियल अशा दोन्ही कॉर्डकडून एकेक मूळ मिळते. अल्नर मीडियल कॉर्डचीच पुढची वाट आहे. या तिघींचा मिळून ॲक्झिलरी आर्टरीवर इंग्रजी M उभा राहतो, आणि डिसेक्शन हॉलमध्ये चिमटा घेऊन शोधायचा असतो तो हाच M. तिथे रेषा नसते, पट्टी नसते आणि नर्व्ह पिवळीही नसते. कारण सांगता आले नाही तर नाव बरोबर असूनही ‘Again’ दाबायचे.

यामुळे उद्याची कार्डे पुष्कळ वाढतील आणि आज बरोबर वाटणारी कितीतरी परत रांगेत येतील. मघाशी याच विचाराने रडू येत होते, आता तसे वाटत नाही. कार्ड मला आकृतीवरचे नाव विचारू शकते, त्याहून जास्त त्याच्याकडून मागणे बरोबर नाही. उरलेले टेबलापाशी उभे राहूनच शिकावे लागेल. पोस्टीरिअर कॉर्डच्या आकृतीत ‘रेडियल’ आणि ‘ॲक्झिलरी’ ही नावे जवळजवळ सारख्याच लांबीची आहेत. तिथे लांबीची भीती नाही, पण दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडून जातात, म्हणून तो भाग वेगळा कापून मोठा करून घेणार आहे.