उभी गाडी, पॅन होणारा शॉट आणि ऑप्टिकल फ्लोची मर्यादा

शॉट साधाच होता. ट्रायपॉडवरचा कॅमेरा डावीकडून उजवीकडे पॅन होतो, मागे विटांची लांब भिंत आणि भिंतीपुढे एक उभी गाडी. एकूण ५ सेकंद, २५ फ्रेमच्या हिशोबाने १२५ फ्रेम. गाडी काढायची होती आणि हाताशी आफ्टर इफेक्ट्समधले, मास्कमधली जागा आजूबाजूच्या चित्रावरून आपोआप भरणारे Content-Aware Fill होते. गाडीभोवती मास्क काढून बटण दाबले की विटांच्या जागी राखाडी लापशी मिळते. असे का होते ते समजले की पुढची निम्मी कामे आपोआप ठरतात.

ऑप्टिकल फ्लोवरचे फिल नवे काही रंगवत नाही. प्रत्येक पिक्सेल पुढच्या-मागच्या फ्रेममध्ये कुठे सरकला ते शोधायचे, मास्कच्या आत ती हालचाल आजूबाजूवरून अंदाजाने पुरी करायची आणि त्या वाटेने जाऊन ज्या फ्रेममध्ये मागची जागा उघडी दिसते तिथून रंग आणायचा, एवढेच ते करते. चालत जाणारा माणूस यात छान निघतो, कारण तो पुढे सरकला की मागची भिंत उघडी पडते. उभी गाडी मात्र भिंतीच्या तुलनेत हलतच नाही. कॅमेरा जागेवर फिरला की गाडी आणि भिंत दोन्ही सारख्याच सरकतात, आणि गाडीमागची वीट एकाही फ्रेममध्ये दिसत नाही.

थोडी तरी दिसत असेल का, हे कागदावर मोजता येते. लेन्स ३५ मिमी, सेन्सरची रुंदी २४ मिमी, चित्र १९२० पिक्सेल रुंद, गाडी १२ मीटरवर, भिंत १८ मीटरवर आणि पॅन ४० अंशांचा. लेन्सचा नोडल पॉइंट, म्हणजे कॅमेरा जिथून दृश्य बघतो तो बिंदू, ट्रायपॉडच्या अक्षाच्या साधारण १० सेंमी पुढे होता. म्हणजे पॅनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो आडवा जेमतेम ७ सेंमी सरकला. तेवढ्याने भिंतीची साडेतीन सेंमीची पट्टी उघडी पडते, चित्रात सुमारे ५ पिक्सेल. गाडीने अडवलेली जागा मात्र ९३० पिक्सेलची! बाकीची माहिती फुटेजमध्ये नाहीच, ती बाहेरून द्यावी लागते. हाच कॅमेरा ट्रॅकवरून आडवा सरकला असता तर गोष्ट वेगळी होती. म्हणून कामाला हात लावण्याआधी गाडीची तीच कड आणि भिंतीवरची तीच खूण दिसते अशा, एकमेकींपासून शक्य तितक्या दूरच्या दोन फ्रेम त्या खुणेने जुळवून आलटून पालटून बघाव्यात. गाडीची कड भिंतीवर सरकलेली दिसली नाही तर रेफरन्स फ्रेमशिवाय, म्हणजे गाडीमागची भिंत हाताने रंगवून दिलेल्या एका फ्रेमशिवाय, गत्यंतर नाही.

रेफरन्ससाठी मी मधली, ६२व्या फ्रेमच्या आसपासची फ्रेम घेतली. तिथे गाडी पूर्ण दिसते आणि भिंत समोरासमोर असल्याने विटा सगळीकडे सारख्या मापाच्या असतात. दुसऱ्या फ्रेममध्ये याच विटा चित्राच्या कडेला आल्या की १२ टक्क्यांनी रुंद दिसतात, तिथून क्लोन केले तर सांधा लगेच कळतो. Create Reference Frame दाबले की ती फ्रेम फोटोशॉपमध्ये उघडते. विटा क्लोन करताना उभे सरकवायचे तर दोन-दोन थरांनीच सरकवावे. एका थराने सरकवले तर सांधे अर्ध्या विटेने चुकतात, आणि स्थिर चित्रात न जाणवणारी ही चूक हलत्या चित्रात डोळ्याला टोचते. रेफरन्स शक्यतो एकच ठेवावा. दोन फ्रेम वेगवेगळ्या रंगवल्या तर मध्ये कुठेतरी एका रंगकामातले डाग विरून दुसऱ्यातले उगवताना दिसतात. उजेड बदलतो म्हणून दुसरी फ्रेम लागलीच, तर पहिलीच ट्रॅकने तिथे नेऊन फक्त तिचा उजेड बदलावा.

रेफरन्स दिल्यावरही विटांनी एक त्रास दिलाच. पॅनमुळे चित्र दर फ्रेमला साधारण १६ पिक्सेल सरकत होते आणि एक वीट सांध्यासकट ३६ पिक्सेलची होती. एकसारखा नमुना असलेल्या पृष्ठभागावर सरकणे नमुन्याच्या निम्म्याच्या जवळ, म्हणजे इथे १८ पिक्सेलच्या आसपास आले की फ्लो गोंधळतो. समजा चित्र २० पिक्सेल पुढे गेले, तर १६ पिक्सेल मागे जाऊनही तशीच वीट सापडते, आणि तीच जवळची वाटते. चित्राच्या कडेला पॅनचा वेगही वाढतो, त्यामुळे तिकडे ठिकठिकाणी विटा उलट्या दिशेला उडी मारत होत्या. जाळी, रेलिंग, फरशी अशा सगळ्याच ठिकाणी हे होते.

उपाय म्हणजे फ्लोला पॅन दाखवायचाच नाही. मोचा या ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीचा प्लेनर ट्रॅक, म्हणजे त्या सपाट पृष्ठभागाच्या हालचालीचा माग, घेतला आणि त्या ट्रॅकने भिंत जागच्या जागी थांबवून ठेवणारी वेगळी कॉम्पोझिशन, म्हणजे कॉम्प, बनवली, फक्त गाडीच्या आसपासची, १६०० बाय १००० ची. आता फ्लोपुढे एखाद्या पिक्सेलची उरलीसुरली थरथर आणि भिंतीवर हलणारी झाडाची सावली एवढेच राहते, आणि ते त्याला सहज झेपते. कॉम्प लहान असल्याने मेमरीही पुरते. एक सांभाळावे लागते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये गाडीचा काही भाग चित्राबाहेर असतो, तिथे या कॉम्पमध्ये पारदर्शक जागा उरते, आणि Content-Aware Fill प्रत्येक पारदर्शक जागेला भोक समजून भरायला घेते. म्हणून थांबवण्याआधीच मूळ लेयरच्या कडा Motion Tile मध्ये Mirror Edges लावून बाहेर वाढवल्या.

मास्क गाडीपुरता काढून चालत नाही. चाकांखालची आणि भिंतीवर पडलेली सावली त्यात हवीच. शिवाय १८० अंश शटरला १६ पिक्सेलच्या पॅनमध्ये ८ पिक्सेलचा मोशन ब्लर असतो. मास्क गाडीच्या कडेबाहेर १२ ते १५ पिक्सेल ठेवला, नाहीतर गाडीच्या रंगाची पुसट किनार भरलेल्या भागात ओढली जाते.

भिंत आणि रस्ता दोन वेगळ्या फेऱ्यांत भरले. वर काढलेले ५ पिक्सेल इथे उलटे आडवे येतात, कारण भिंतीच्या ट्रॅकवर बसवलेला रस्ता चाकांजवळ शॉटभरात तेवढा घसरतो, आणि डांबरावरचे ठिगळ तरंगल्यासारखे दिसते. मास्क भिंतीच्या पायाशी तोडला. वरच्या भागाला Fill Method मध्ये Surface, खालच्या भागाला रस्त्याचा वेगळा ट्रॅक घेऊन Object. त्या बाजूला खोली हळूहळू बदलते, आणि फ्लोचा खरा फायदा मला तिथेच दिसला. सपाट भिंतीवर खरे तर ट्रॅक आणि एक रंगवलेले ठिगळ यानेही बरेच काम भागते. झाडाची सावली हलत नसती तर मी भिंतीला फिल लावलेही नसते.

परत जोडताना आख्खे चित्र उलट्या ट्रॅकने आणू नये. दोनदा रीसॅम्पल होऊन ते मऊ पडते. फक्त भरलेला तुकडा परत आणून मूळ फुटेजवर बसवावा. ग्रेनचेही, म्हणजे चित्रातल्या बारीक दाण्यांचेही, असेच. रेफरन्स फ्रेममधला ग्रेन फिलमध्ये गोठून राहतो आणि पॅनबरोबर काचेवरच्या धुळीसारखा सरकतो. फिलसाठीची प्लेट आधी डिनॉइज करून घेतली आणि शेवटी तुकड्यावर Match Grain ने मूळ फुटेजचा ग्रेन चढवला.

तपासणी थांबवलेल्या कॉम्पमध्येच करावी, २०० टक्के झूमवर. तिथे विटांचे सांधे अजिबात हलायला नकोत. कुठे ते उकळल्यासारखे दिसले तर त्या फ्रेमपुरता मास्क बारकाईने बघावा, बहुतेक वेळा गाडीचा आरसा किंवा अँटेना मास्कबाहेर राहिलेला असतो.