सुचवणीचा रकाना: उणे गेलं, पण सगळी यादीच गेली

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की मामाच्या दुकानाच्या गूगल शीटमधला ‘किती मागवायचं’ हा रकाना आता पक्का झालाय, पुढची नोंद थेट बारकोडवर. बारकोड राहिला बाजूला. गेले दहा दिवस मी त्याच एका रकान्यात अडकलोय आणि त्यातले चार दिवस फोंड्यातल्या त्या दुकानात गूळ नव्हता, तेही चवथ तोंडावर आलेली असताना.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, त्यातून हातातला साठा वजा, म्हणजे सुचवलेली मागणी. रोजचा खप मी मागच्या 28 दिवसांच्या विक्रीवरून काढतो. बेळगावहून टेम्पो यायला 5 दिवस धरतो. तिथला घाऊकवाला दर वेळी ‘उद्या’ म्हणतो. त्याच्या दहा ‘उद्यां’ची मी तारीखवार नोंद ठेवली, त्यात कमीत कमी 4 आणि जास्तीत जास्त 8 दिवस निघाले. चोर्ला घाटात दरड आली की आठवाही कमी पडतो.

पहिल्या आवृत्तीत नुसती वजाबाकी होती. खोबरेल तेलाच्या बाटल्या दिवसाला 2, पाच दिवसांच्या 10, आणि मामाने स्कीममध्ये घेऊन ठेवलेल्या 48. उत्तर उणे 38. दिसायला विचित्र, पण मला वाटलं, दिसू दे, मामाला कळेल की तेल जास्त आहे. घोळ खालच्या बेरजेत झाला. बाटली 250 रुपयांची, म्हणजे त्या एका ओळीचे उणे 9,500 रुपये. तिने बाकीच्या मालाची किंमत गुपचूप खाल्ली. खरी यादी 21,340 ची होती, शीटने दाखवली 11,840. मामाने बारा हजार गल्ल्यातून वेगळे काढून ठेवले आणि टेम्पोवाला एकवीस हजारांचं बिल घेऊन उभा राहिला. जास्त झालेलं तेल देऊन कोणी तूरडाळ देत नाही, म्हणून प्रत्येक ओळ शून्यावर अडवायची आणि मगच बेरीज मारायची. आधी बेरीज करून ती शून्यावर अडवली तर काहीच सुधारत नाही, कारण तेलाने डाळ तोवर खाल्लेली असते.

तेव्हा मी प्रत्येक ओळीत हे टाकलं आणि ते उत्तम चाललं:

```
=MAX(0, B2*C2-D2)
```

B रोजचा खप, C दिवस, D साठा. इथेच थांबलो असतो तर ही नोंद लिहावी लागली नसती. पण मामा फोनवरून नवीन माल भरतो तेव्हा त्या ओळीत सूत्र नसतं, आणि फोनच्या ॲपमध्ये सूत्र खाली ओढणं म्हणजे मामाच्या बोटांची परीक्षा. (फोनवरचं शीट आकडे भरायला ठीक आहे, त्यापलीकडे ते कोणाला शिकवायला जाऊ नका.) म्हणून म्हटलं, वर एकच सूत्र ठेवू, ते आपोआप खालपर्यंत जाईल:

```
=ARRAYFORMULA(MAX(0, B2:B*C2:C-D2:D))
```

रविवारी रात्री बदललं. लाल खूण नाही, तक्रार नाही, E2 मध्ये तांदळापुढे 31 असा शहाणासुरता आकडा. मी लॅपटॉप मिटला. सोमवारी दुकान बंद करताना मामाने ‘फक्त मागवायचं तेवढं’ हा फिल्टर उघडला, त्यात एकच ओळ. “फकत तांदूळ? बरें जालें,” म्हणाला, आणि बेळगावला फोन करून 31 किलो उकडे तांदूळ सांगितले. त्याला वाटलं, उणे आकडे गेले त्याबरोबर शीटही सुधारली. गुरुवारी मला फोन आला: “गोड खंय रे?” मामाच्या तोंडी गूळ म्हणजे गोड. गुळाचा डबा बुधवारीच रिकामा झाला होता.

शुक्रवारी रात्री मी नवीन पान घेऊन चारच ओळी लिहिल्या: तांदूळ, गूळ, तूरडाळ, साखर. सूत्र टाकलं. तांदळापुढे 31, बाकीच्या तिन्ही ओळी कोऱ्या. तांदळाचा हिशेब हाताने केला: दिवसाला 9, पाच दिवसांचे 45, साठा 30, उत्तर 15 यायला हवं. मग हे 31 कुठून? तासभर तांदळाचे आकडे उलटेपालटे केले आणि तो 31 जागचा हलेना. शेवटी चिडून साखरेचा साठा 29 चा 25 केला, आणि तांदळापुढचा 31 चा 35 झाला.

साखर दिवसाला 12, पाच दिवसांची 60, वजा 29, म्हणजे 31. तो आकडा साखरेचा होता, बसला होता तांदळाच्या पाटावर. MAX ला दोन आकडे द्या की दोनशे, ते सगळ्यांतून मोठा एकच निवडून परत देतं. ARRAYFORMULA च्या आत अख्खा रकाना दिला तर ते अख्ख्या रकान्यातून एकच आकडा उचलतं, मग खाली पसरायला काही उरतच नाही. MIN, SUM, AND, OR यांचीही हीच खोड. IF मात्र ओळीओळीने चालतं:

```
=ARRAYFORMULA(IF(A2:A="", "",
  IF(B2:B*C2:C>D2:D, B2:B*C2:C-D2:D, 0)))
```

तांदूळ 15, गूळ, डाळ, साखर, सगळे आपापल्या पाटावर. मी एकटाच स्वयंपाकघरात जाऊन चहा करून घेतला. मूळ शीटमध्ये टाकलं तर #REF!. तीही गंमत मामाचीच: E17 मध्ये त्याने कधीतरी हाताने 5 लिहून ठेवले होते, आणि वाटेत भरलेला चौकोन आला की हे सूत्र पसरायलाच नकार देतं. पाच पुसले, सगळं उलगडलं.

आपल्या मडगावच्या दोस्ताने यावर एक मस्त युक्ती सांगितली: फरकात त्याच फरकाचं ABS, म्हणजे उणे चिन्ह काढलेला तोच आकडा, मिळवायचं आणि दोनाने भागायचं. फरक अधिक असेल तर दुप्पट होऊन अर्धा होतो, उणे असेल तर बेरीजच शून्य. ABS ओळीओळीने चालतं, त्यामुळे IF लागत नाही. रात्री साडेअकराला मी हे कागदावर करून पाहिलं आणि एकटाच हसलो. पण शीटमध्ये IF च ठेवलंय, कारण सहा महिन्यांनी मलाच कळायला हवं. कच्चा फरकही शेजारी वेगळ्या रकान्यात ठेवलाय, नाहीतर तेलाच्या 38 जादा बाटल्या शून्यामागे कायमच्या लपल्या असत्या.

इतकं झाल्यावर या सोमवारी सगळं नीट चाललं. फोंड्यातल्याच दुसऱ्या दुकानातून आणलेल्या महागड्या गुळातला 6 किलो उरला होता. खप दिवसाला 4, पाच दिवसांचे 20, म्हणजे 14. मामाने 14 सांगितले. मंगळवारी दुकान बंद झाल्यावर साठा 2 आणि शीट म्हणतं 18. कालचे 14 वाटेत आहेत हे त्याला माहीतच नाही. ऐकलं असतं तर 32 किलो आले असते. म्हणून F मध्ये ‘येणारा माल’ घातला आणि साठ्याबरोबर तोही वजा करायला लावला: 20 वजा 2 वजा 14, उरले 4. मंगळवारी विकलेले तेवढेच. टेम्पो आला की F रिकामा करून D वाढवायचा, दोन्ही एकदम. D वाढवला आणि F रिकामा करायचं राहिलं तर तोच गूळ दोनदा मोजला जातो आणि सुचवणी शून्यावर जाऊन गप्प बसते. शून्यावर अडवण्याचा हा तोटा आहेच: ‘नको’ म्हणणारं शून्य आणि ‘हिशेब चुकलाय’ म्हणणारं शून्य दिसायला सारखंच.

इथवर लिहून मी ही नोंद संपवणार होतो. आज गुरुवार. दुपारी दुकानात गेलो तर गुळाचा डबा कालपासून पुन्हा रिकामा. सूत्र बरोबर, F बरोबर, मागणी वेळेवर, आणि तरी रिकामा. घरी येऊन हे लिहिता लिहिता ते 14 परत पाहिले आणि डोक्यात प्रकाश पडला. सोमवारी रात्री हातात 6 किलो, म्हणजे दीड दिवसाचे. टेम्पो शनिवारी संध्याकाळी. मधल्या पाच दिवसांत 20 किलोची गिऱ्हाइकं येणार, त्यातली 6 किलोची गूळ घेऊन जाणार आणि 14 किलोची हात हलवत परत जाणार. सुचवलेला आकडा म्हणजे तीच परत जाणारी गिऱ्हाइकं! या सूत्रात शून्याहून मोठा आकडा दिसला याचा अर्थ, माल येण्याआधी डबा रिकामा होणार. शनिवारी येणारे 14 त्यांच्या काही उपयोगाचे नाहीत, ते पुढच्या साडेतीन दिवसांत जातील.

रोज रात्री शीट पाहून रोज मागणी दिली असती तर हे इतकं लागलं नसतं. साठा 20 च्या खाली उतरला त्याच दिवशी विकलं तेवढं सांगून झालं असतं. पण मामा सोमवारीच फोन करतो आणि बेळगाववालाही त्याहून जास्त वेळा ऐकून घेणारा नाही. म्हणजे आज दिलेल्या मागणीने पुढच्या सोमवारच्या मागणीचा माल येईपर्यंत पुरायला हवं: 5 दिवस वाटेचे आणि 7 दोन फोनांमधले. H1 मध्ये 7 लिहिले:

```
=ARRAYFORMULA(IF(A2:A="", "",
  IF(B2:B*(C2:C+H1)>D2:D+F2:F,
     B2:B*(C2:C+H1)-D2:D-F2:F, 0)))
```

गुळाचे 12 दिवसांचे 48. घडी बसल्यावर दर सोमवारी साठा 20 वर येईल, सूत्र 28 सुचवेल, आणि ते 20 शनिवारी संध्याकाळी टेम्पो दारात आल्यावर संपतील. कागदावर तरी. घाट बंद पडला तर शनिवारचा सोमवार होतो, म्हणून पावसाळ्यापुरता C मी 5 चा 7 करतोय. या सोमवारी हे असतं तर 14 ऐवजी 42 किंवा 50 सांगितले असते. बुधवारचा डबा त्यानेही वाचला नसता, पण पुढच्या आठवड्याचा वाचला असता.

चवथीचा खप यात कुठेच नाही, मागच्या 28 दिवसांना मोदक माहीत नाहीत. तो मामा गेल्या वर्षीच्या वहीतून काढून हाताने B मध्ये लिहिणार आहे. वही सापडली आहे, त्यातली गुळाची पानं कोणीतरी पुड्या बांधायला फाडली आहेत.