आजीच्या कुडीतला हरवलेला मोती आणि 'गुलाबी झाक' या दोन शब्दांनी केलेला घोळ

आजीच्या मोत्याच्या कुड्या माझ्याकडे आल्यात, मधे एक आणि भोवती सहा असे सात मोती. गेल्या गणपतीत डाव्या कुडीतला एक मोती कुठेतरी पडला. सगळं घर झाडून काढलं, नाही मिळाला. घरात सगळे त्यांना 'बसऱ्याचे मोती' म्हणतात, आता ते निदान नैसर्गिक आहेत की कल्चर्ड हे एक्सरे काढल्याशिवाय कोणी खात्रीने सांगू शकत नाही, पण मला ते सिद्ध करायचंच नव्हतं, मला फक्त बाकीच्यांशी जुळणारा चार एमएमचा एक मोती हवा होता. आमच्या सोनाराकडे तसा नव्हता. हैदराबादच्या वहिनी म्हणाल्या की त्यांच्या ओळखीचा मोतीवाला आहे, फोटो पाठव आणि रंग लिही.

रंग लिही म्हणे! मी लिहिलं, 'पांढरा, गुलाबी झाक'. फोटोत तसंच दिसत होतं ना, आणि गुलाबी झाक म्हणजे काहीतरी भारी असं आपलं डोक्यात असतंच. आठवड्याने मोती आला. शुभ्र, त्यावर छान गुलाबी चमक, एकटा बघितला तर सुंदर. कुडीवर ठेवला आणि म्हाताऱ्या बायकांच्या पंगतीत कॉलेजची पोरगी येऊन बसल्यासारखा दिसायला लागला. आजीचे मोती त्याच्यापुढे चक्क ताकासारखे पिवळसर!

मी मोतीवाल्यालाच फोन केला, तो फोटो परत उघडून म्हणाला, "मॅडम, ये कागज का कलर आया है, मोती का नहीं." मी बघितलं तर खरंच. कुडी मी सोनाराच्या त्या गुलाबी कागदातून काढली आणि त्याच कागदावर ठेवून फोटो मारला होता, रात्री, डायनिंग टेबलावरच्या पिवळ्या बल्बखाली. मोती म्हणजे छोटा गोल आरसाच, खालचा कागद, माझा मरून ड्रेस, बोटं, सगळं त्याच्यात उतरतं. आणि बल्बचा पिवळेपणा काढायला फोनने आपली अक्कल चालवून सगळा फोटो निळा-पांढरा करायला घेतला, त्यात मोत्याचा क्रीम रंगच धुतला गेला. म्हणजे 'पांढरा' फोनने ठरवला आणि 'गुलाबी' कागदाने, मी फक्त लिहून पाठवलं.

मग त्याने फोनवरच समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते. मोत्याचे दोन रंग वेगवेगळे बघायचे. एक बॉडी कलर, म्हणजे अंगचा रंग, पांढरा, क्रीम, सोनेरी, राखाडी, काळा वगैरे, तो सगळ्या मोतीभर असतो. दुसरा ओव्हरटोन, म्हणजे त्या अंगावर तरंगणारी झाक, गुलाबी, हिरवी, निळी. ही झाक रंगद्रव्याची नसते, मोत्याचे अतिशय पातळ थर एकावर एक असतात त्यांच्यातून उजेड परत येताना होते, साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना तसंच साधारण. म्हणून ती उजेडाबरोबर राहते. मोती फिरवला तरी झाक खिडकीच्या बाजूलाच राहणार, डाग असेल तर तो मोत्याबरोबर फिरणार. काही मोत्यांना झाक नसतेच, मग नाही असंच लिहायचं. आणि दुकानात दिसणाऱ्या पांढऱ्या अकोया मोत्यांची गुलाबी झाक बऱ्याचदा प्रोसेस करून वाढवलेली असते, हे पण त्यानेच सांगितलं, मला तर माहीतच नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी सगळं नीट केलं. सकाळी दहाला, ऊन थेट येत नाही त्या खिडकीपाशी, घरातले सगळे दिवे बंद, अंगात पांढरा टीशर्ट. खाली कागद नाही, फोटोग्राफीच्या दुकानातून आणलेलं ग्रे कार्ड, म्हणजे कुठल्याही रंगाची छटा नसलेलं राखाडी कार्ड. आधी मी साधा प्रिंटरचा पांढरा कागद वापरून बघितला होता, पण त्यात पांढरं दिसावं म्हणून चमक आणणारं रसायन असतं, दिवसाच्या उजेडात तो किंचित निळा असतो, आणि त्याला पांढरा धरून फोटो दुरुस्त केला की मोती उगाच जास्त पिवळा येतो. ही तर पहिल्या चुकीची उलटी चूक झाली. फोन फार जवळ नेला तर मोत्यात फोनचीच काळी सावली पडते, म्हणून थोडं लांबून झूम करून घेतला आणि स्क्रीनवर बोट दाबून उजेड थोडा कमी केला, कारण चमकणारा ठिपका जळून पांढरा झाला तर त्याच्या कडेची झाकही त्यात जाते, आणि झाक बघायची जागा तीच, ठिपक्याभोवतीचं कडं.

मग स्नॅपसीड या फोटो एडिटिंगच्या अॅपमध्ये व्हाइट बॅलन्सला जाऊन ड्रॉपर ग्रे कार्डवर टेकवला, कार्ड राखाडी झालं की बाकीचे रंग आपोआप बरेचसे जागेवर येतात. डोळ्यावर आता विश्वास नव्हता म्हणून कलर पिकरने आकडे पण काढले. मोत्याच्या कडेला, चमकेपासून लांब, लाल 214, हिरवा 203, निळा 180. निळा बराच कमी, म्हणजे अंगचा रंग क्रीम. चमकेच्या भोवती 226, 222, 200. इथे लाल आणि हिरवा जवळजवळ सारखे झाले, हिरवा पुढे सरकला, म्हणजे हलकी हिरवट झाक. गुलाबी कागदावरच्या जुन्या फोटोत मोत्याच्या खालच्या बाजूला 222, 196, 192 होते, आणि गंमत म्हणजे गुलाबी रंग कागदाला टेकलेल्या बाजूलाच होता, वर चमकेपाशी नावालाही नव्हता. हे तेव्हाच बघितलं असतं तर! आकडे तसे फक्त एकाच फोटोतल्या दोन जागांची तुलना करायला, दुसऱ्या फोनच्या आकड्यांशी जुळवत बसू नका.

खात्री म्हणून कुडी कार्डवरच हळूहळू गोल फिरवत चार फोटो काढले. हिरवट कडं दरवेळी खिडकीकडेच. एका मोत्यावरचा पिवळा पट्टा मात्र कुडीबरोबर फिरला, तो बहुतेक आजीच्या खोबरेल तेलाचा किंवा घामाचा जुना डाग असावा, तो मी रंगात धरला नाही पण सांगितला.

या वेळी मेसेज असा लिहिला: 'अंगचा रंग क्रीम, मध्यम. झाक हलकी हिरवी, फक्त चमकेभोवती. गुलाबी नाही. उरलेल्या सहापैकी एकावर पिवळा डाग आहे, त्याच्याशी जुळवू नका. उत्तरेची खिडकी, सकाळी 10, ग्रे कार्ड फोटोत आहे.' फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले, साधे पाठवले की ते दाबून लहान करतं आणि एवढ्या चार एमएमच्या मोत्यावर झाकेची पार वाट लागते.

त्याने तीन मोती पाठवले, क्रीमच्या तीन छटा, आणि सांगितलं की खिडकीत कुडीशेजारी ठेवून बघा, जो बसेल तो ठेवा, बाकीचे परत. मधला बसला. वहिनींनी दोन परत नेऊन दिले, सोनाराने तारेत ओवला. हातभर अंतरावरून कळत नाही, जवळून बघितलं तर नवा अजून किंचित उजळ आहे. आई म्हणते दोन वर्षं घाल रोज, होईल आपोआप पिवळा.