तुम्ही विचारलंत म्हणून: हिमयुगांचे वेळापत्रक कशावरून ठरले?

“पृथ्वी डुलते म्हणून हिमयुगं येतात असं तुम्ही सांगता, सर. पण लाखो वर्षांपूर्वीचं हे बघायला कोण गेलं होतं? कशावरून ठरवलं?”

पणजीत भूगर्भशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या पालकांकडून अधिक येतो, आणि तो अगदी रास्त आहे.

पृथ्वीचा अक्ष सुमारे 41 हजार वर्षांच्या फेऱ्यात 22 ते साडेचोवीस अंशांच्या दरम्यान कमीजास्त कलतो. त्याच्या डुलण्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा काळ ऋतूंमधून सरकत राहतो. आज तो जानेवारीच्या आरंभी येतो. सुमारे 11 हजार वर्षांपूर्वी तो उत्तरेच्या ऐन उन्हाळ्यात येत असे. कक्षेची लंबवर्तुळाकृतीही मंदपणे बदलते. या तिन्हींचे गणित मांडताना सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलांकोविच यांनी भर दिला तो उत्तरेच्या उन्हाळ्यावर, कारण उन्हाळा सौम्य झाला की हिवाळ्यातले हिम पुरते वितळत नाही आणि वर्षावर वर्ष साचत जाते.

हे झाले गणित. पुरावा समुद्राच्या तळाशी आहे. खोल समुद्रातील गाळ चाळणीवर धुतला की फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचे उरतात: मोहरीहून लहान, पांढुरकी, फुगीर कप्पे एकमेकांना चिकटलेली. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने ती एकेक टिपून घ्यावी लागतात. समुद्राचे पाणी वाफ होताना हलका ऑक्सिजन 16 अधिक प्रमाणात उडून जातो आणि हिमयुगात तो ध्रुवांकडच्या बर्फात अडकून पडतो. मागे राहिलेल्या पाण्यात, आणि म्हणून त्या कवचांतही, जड ऑक्सिजन 18 चे प्रमाण वाढते. सुमारे 21 हजार वर्षांपूर्वी इतके पाणी असे बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि गोव्याचा किनारा आजच्या मिरामार-कळंगुटपासून कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता.

1976 साली जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकल्टन यांनी आपल्याच हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून काढलेल्या गाळाच्या दोन गाभ्यांमधील नोंदी तपासल्या. साडेचार लाख वर्षांच्या त्या नोंदींत सुमारे 1 लाख, 41 हजार, 23 हजार आणि 19 हजार वर्षांची आवर्तने सापडली. शेवटची दोन अक्षाच्या डुलण्यातून अपेक्षित असलेलीच होती.

यावर जाणकार वाचक लगेच एक शंका घेतो. गाळाचे वय ठरवताना पुढे पुढे कक्षेच्या गणिताचाच आधार घेतला जाऊ लागला, मग त्या गाळातून कक्षेची आवर्तने निघणारच. ही शंका मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून तिची कसोटी कशी लागली ते सांगतो. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे उलटले त्या घटनेची खूण ज्वालामुखीच्या खडकांत आहे तशीच समुद्रतळाच्या गाळातही आहे. खडकांतील पोटॅशियमच्या क्षयातून किती आर्गॉन वायू साचला ते मोजणाऱ्या पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने तिचे वय 7 लाख 30 हजार वर्षे मानले जात होते. 1990 साली शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व प्रशांत महासागरातील गाळात आवर्तने मोजत त्या खुणेपर्यंत मागे जाऊन सांगितले की ती घटना सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीची असली पाहिजे. म्हणजे चूक खडकाच्या घड्याळात आहे, असे म्हणण्याचे धाडस त्यांनी केले. पुढच्या काही वर्षांत अधिक काटेकोर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने तेच खडक पुन्हा तपासले गेले, तेव्हा वय 7 लाख 80 हजारांच्याच आसपास निघाले; जुन्या मोजणीत खडकांतून निसटलेल्या आर्गॉनमुळे ते कमी भरत होते. खडकातल्या किरणोत्सारी क्षयाला पृथ्वीच्या कक्षेची काहीच खबर नसते, आणि म्हणूनच ही साक्ष मला इतकी वजनदार वाटते.

तरीही सगळे उलगडले आहे असे मी सांगणार नाही. कक्षेची आकृती बदलल्याने पृथ्वीला वर्षभरात मिळणाऱ्या एकूण ऊर्जेत जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आत फरक पडतो, आणि तरी गेल्या काही लाख वर्षांत सर्वांत ठळक आवर्तन त्या बदलाशी जुळणारे 1 लाख वर्षांचेच आहे. त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की सुमारे 10 लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगे 41 हजार वर्षांच्या अंतराने येत होती आणि पुढे ते अंतर वाढले, पण कक्षेच्या वागण्यात त्या वेळी तसा काही बदल झालेला नव्हता. म्हणजे कारण पृथ्वीवरच शोधायला हवे. एक मत असे, की आधीच्या हिमयुगांनी कॅनडातील मऊ, भुसभुशीत मातीचा थर खरवडून नेला, खालचा कठीण खडक उघडा पडला आणि त्यावर बर्फ सहजी न घसरता अधिक जाड साचू लागला. इतका जाड बर्फ उबदार उन्हाळ्यांच्या एकाच फेऱ्यात वितळेना. मला हे मत बरेच पटते, मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइडही त्याच काळात घटत होता का, याचा निकाल लागल्याशिवाय ते एकटे पुरे मानता येत नाही. त्यासाठी अंटार्क्टिकातील त्याहून जुना बर्फ हवा, कारण त्या काळची हवा त्याच्या बुडबुड्यांत अडकलेली असते, आणि तसा बर्फ शोधण्याच्या कामाला 2025 च्या आरंभी यश येऊन सुमारे 12 लाख वर्षांपर्यंत मागे जाणारा बर्फ हाती आला आहे.