पटकथेची मांडणी, नोंद तिसरी: फोनवरचा सीन आणि @ चं चिन्ह

मित्राची शॉर्टफिल्म अजून माझ्याच मानगुटीवर आहे. त्याने ती विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर टाईप केलेली, त्यामुळे संवाद, वर्णन आणि मनातले विचार सगळं एकाच परिच्छेदात सलग वाहतंय. गेल्या दोन रविवारी पहिले तीन सीन लावून झाले. या रविवारी चौथा घेतला आणि अख्खा दिवस त्यातच गेला. मूळ मजकूर असा होता:

«रात्र आहे पाऊस पडतोय शालन दादरच्या पुलावर उभी आहे गाड्या बंद म्हणून नंदूला फोन लावते. नंदू घरी अभ्यास करतोय. तो म्हणतो आई कुठे आहेस तू, ती चिडून म्हणते अरे कुठे असणार इथेच अडकलेय जेवलास का तू. बाहेरून सावंतकाकू ओरडतात नंदू नळ बंद कर रे. नंदूला वाटतं बाबा असते तर आईला आणायला गेले असते. आई म्हणते ठेवते, बॅटरी संपतेय.»

वाचताना काहीच खटकत नाही. स्लगलाइन, म्हणजे सीनची जागा आणि वेळ सांगणारी ओळ, लिहायला बसलो की मात्र पहिलाच प्रश्न येतो, कॅमेरा कुठे आहे? पुलावर की खोलीत? गोष्टीत दोन्हीकडे एकदम असता येतं. पटकथेत जागा बदलली की नवी स्लगलाइन लागते, आणि प्रत्येक स्लगलाइन म्हणजे युनिटसाठी वेगळी जुळवाजुळव. दर संवादाला इकडून तिकडे उडी मारली असती तर सहा ओळींच्या फोनसाठी सहा स्लगलाइनी झाल्या असत्या. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही जागा एकदा दाखवून ‘इंटरकट’ लिहायचं आणि पुढे संवाद सलग द्यायचे. पण मग कुठल्या वाक्याला कोण दिसतं हे एडिटरवर सोडल्यासारखं होतं. मी तिसरा मार्ग घेतला. सुरुवातीला पूल दाखवला, नंतर नंदूच्या खोलीतच थांबलो आणि आईचा फक्त आवाज ठेवला. मुलगा घरात एकटा आहे हे त्याने जास्त जाणवतं, असं माझं मत.

मी फाउंटनमध्ये लिहितो. 2012 साली आलेली ही पटकथा लिहायची साध्या टेक्स्टची पद्धत आहे, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये चालते. पण तिचे नियम इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांवर उभे आहेत: वर रिकामी ओळ, खाली मजकूर आणि मधली ओळ पूर्ण कॅपिटलमध्ये असेल तर ते पात्राचं नाव. देवनागरीत कॅपिटल आणतो कुठून? मग प्रोग्रामनुसार दोनपैकी एक गोंधळ होतो. एखादा प्रोग्राम इंग्रजी मोठी अक्षरंच शोधतो, त्याला ‘शालन’ हे नाव वाटतच नाही आणि तिचे संवाद ॲक्शनमध्ये, म्हणजे वर्णनात, जातात. दुसरा फक्त एवढंच बघतो, की ओळ कॅपिटल केली तर ती बदलते का. देवनागरी ओळ कधीच बदलत नाही, त्यामुळे त्याला सगळीच नावं वाटतात. माझा प्रोग्राम या दुसऱ्या जातीचा निघाला. दोन ओळींचं वर्णन लिहिलं, तर पहिली ओळ नावाच्या जागी जाऊन बसली आणि दुसरी संवादाच्या अरुंद पट्टीत. पीडीएफ पाहिल्यावर ‘पत्र्यावर पाऊस आपटतोय’ नावाचं पात्र बोलायला लागलेलं!

उपाय सोपा आहे, फक्त रोज पाळावा लागतो. नावाआधी @ आणि ॲक्शनच्या परिच्छेदाआधी ! टाकायचं. स्लगलाइनमध्ये INT. आणि EXT. रोमनमध्येच ठेवले की पुढचं सगळं देवनागरीत चालतं. ‘अंतर्गत’ किंवा ‘बाह्य’ लिहायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला एक टिंब द्यावं लागतं.

```
EXT. दादर स्टेशन, पूल - रात्र

!पत्र्यावर पाऊस आपटतोय. पुलावर दाटी.
शालन कठड्याला टेकून फोन लावते.

INT. चाळ, शालनची खोली - रात्र

!नंदू पुस्तकावर पेंगतोय. फोन वाजतो. उचलतो.

@नंदू
आई, कुठे आहेस तू?

@शालन (व्ही.ओ.)
(चिडून)
अरे, कुठे असणार? इथेच अडकलेय. जेवलास का तू?

@सावंतकाकू (ओ.एस.)
नंदू, नळ बंद कर रे!

[[बाबांचं वाक्य: कसं दाखवायचं?]]
```

व्ही.ओ. म्हणजे व्हॉइस ओव्हर आणि ओ.एस. म्हणजे ऑफ स्क्रीन, या दोन्हींत मी आधी घोळ घातला होता. शालन फोनच्या पलीकडे आहे, या खोलीच्या आसपासही नाही, म्हणून व्ही.ओ. सावंतकाकू मात्र दाराबाहेर गॅलरीतच आहेत, फक्त दिसत नाहीत, म्हणून ओ.एस. शूटिंगला फरक पडतो: काकूंच्या नटीला त्या दिवशी सेटवर बोलवायचं की नाही, ते या दोन अक्षरांवरून ठरतं.

आणि कंसातलं ‘चिडून’? ठेवलं, पण नाइलाजाने. मूळ मजकुरात दर तिसऱ्या वाक्याला हसून, रागाने, हळूच असं काहीतरी होतं. बहुतेक काढून टाकले. ‘कुठे असणार?’ यात चीड आहेच, पण त्याला लागून ‘जेवलास का’ येतं आणि नटी पहिलं वाक्यही मायेने म्हणून टाकेल, ही भीती. फक्त तेवढ्यासाठी.

बाबांच्या वाक्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. ‘नंदूला वाटतं’ हे ॲक्शनमध्ये बसतच नाही, पडद्यावर वाटणं दिसणार कसं? मी फॉरमॅट करायला बसलोय, गोष्ट बदलायचा अधिकार माझा नाही. म्हणून ते दुहेरी चौकोनी कंसात ठेवलं, म्हणजे फाईलमध्ये राहतं पण छापील प्रतीत येत नाही. रात्री मित्राला फोन केला. तो आधी चिडला (‘अरे, तेच तर सीनचं काळीज आहे!’) आणि पाच मिनिटांनी त्यानेच परत फोन करून सांगितलं, ‘खुंटीवर बाबांची छत्री टांग.’ म्हणून आता तिथे आहे: ‘खुंटीला लांब दांड्याची काळी छत्री. नंदू तिच्याकडे पाहतो.’

झोपण्याआधी नावांची मोजणी केली:

```
grep '^@' chaal.fountain | sort | uniq -c
```

शालन एकटीच, पण यादीत ‘शालन’, ‘आई’ आणि ‘शालनताई’ अशी तीन माणसं. गंमत म्हणजे ‘शालन’ स्वतः दोनदा, अक्षर न अक्षर सारखी. एकीच्या शेवटी एक रिकामी जागा होती. फोनचा कीबोर्ड सुचवलेला शब्द घेतला की पुढे आपोआप जागा सोडतो, ती तशीच चिकटून आली होती. `grep -n ' $' chaal.fountain` ने अशा सतरा ओळी सापडल्या. व्ही.ओ. वाली शालन यादीत वेगळी दिसते, ते ठीक आहे. स्लगलाइनींची अशीच यादी काढली तर ‘घर’, ‘खोली’ आणि ‘चाळ, शालनची खोली’ या तिन्ही एकाच खोलीच्या जागा निघाल्या. सगळीकडे शेवटचंच नाव केलं.

पानांच्या हिशेबावर मात्र माझा भरवसा उडालाय. एक पान म्हणजे एक मिनिट हा अंदाज 12 पॉइंट कुरिअरचा, जिथे प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, एका इंचात दहा अक्षरं. कुरिअरमध्ये देवनागरी नाहीच, प्रोग्राम गुपचूप दुसरा फॉन्ट घेतो. ‘क’ आणि ‘क्ष्मी’ एका मापात बसत नाहीत, वर-खाली मात्रा आणि उकार, म्हणून ओळीही उंच होतात. त्यात तो अंदाज अमेरिकन लेटर कागदाचा आणि आपण A4 वापरतो, जो थोडा लांब आहे. हा सीन छापून सव्वा पान भरला. पावसाला आणि छत्रीला थांबत, मोबाईलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचला तर पन्नास सेकंद.

पुढच्या रविवारी सातवा सीन. लोकलच्या दारात उभे दोघं, एक पाय आत, एक बाहेर, आणि मधेच प्लॅटफॉर्मवरून तिसरा बोलतो. INT. की EXT. की INT./EXT.? आज तरी मी INT./EXT. च्या बाजूने आहे, पण मित्र म्हणतो गाडी सुटली की प्लॅटफॉर्म संपला, मग कसलं EXT.?