दार उघडे होते

आठवीत मराठीच्या बाईंनी प्रयोग शिकवले तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘मी दार उघडले.’ मग ‘दार’ पुसून ‘खिडकी’ लिहिलं, तशी आम्ही पोरींनी ओरडून ‘उघडले’चं ‘उघडली’ केलं. मग ‘दरवाजा’, मग ‘उघडला’. बाई म्हणाल्या, “बघा, क्रियापद ‘मी’चं ऐकतच नाही, ते दाराचं ऐकतं. म्हणून हा कर्मणी. पण ‘मी’ कुठे गेला का? तो आहे तिथेच आहे.” मग त्यांनी खाली आणखी दोन वाक्यं लिहिली, ‘दार उघडले’ आणि ‘दार उघडे होते’, आणि विचारलं, “आता सांगा, दार कुणी उघडलं?” वर्ग गप्प. पहिल्या वाक्यात दार आपोआप उघडलं असेल, दुसऱ्यात ते कधीपासून उघडं आहे कोण जाणे. बाईंनी उत्तर दिलं नाही, घंटा झाली.

दहावीनंतर मी विज्ञानाकडे गेले, मग बडोद्याच्या कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि जवळच्याच एका कारखान्यात लागले. तिथे माझं निम्मं काम रिपोर्ट लिहिण्याचं होतं, तेही इंग्रजीत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका पंपाच्या बिघाडाचा रिपोर्ट लिहिला आणि त्यातल्या एका वाक्याने एका माणसाला फार त्रास झाला.

सेंट्रिफ्यूगल पंप सुरू करताना सक्शनचा, म्हणजे आत येणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवतात. डिस्चार्जचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या बाजूचा, बहुधा बंद किंवा थोडासाच उघडा. त्या दिवशी सक्शनचाच बंद राहिला होता. पंपात द्रव आलाच नाही, फिरत्या दांड्याभोवतून द्रव गळू न देणारं मेकॅनिकल सील कोरडं फिरलं, तापलं आणि गळायला लागलं. मी ऑपरेटरशी बोलले. तो गुजराती, म्हणाला, “वाल्व बंध हतो, बेन. में बंध नथी कर्यो.” मी वहीत तसंच उतरवलं. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलं, ‘द व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड अँड द पंप वॉज स्टार्टेड.’

वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. पण ‘वॉज क्लोज्ड’चे दोन अर्थ होतात: बंद होता, आणि बंद केला गेला. मराठीत किंवा गुजरातीत हे दोन अर्थ एका शब्दात राहूच शकत नाहीत, ‘होता’ की ‘केला’ हे आपल्याला बोलतानाच ठरवावं लागतं. वर मी ‘अँड’ने दुसरी पॅसिव्ह क्रिया जोडली होती. वाचणाऱ्याला वाटलं, आधी बंद केला, मग सुरू केला, दोन्ही एकाच हाताने. शिवाय कुठला व्हॉल्व्ह तेही मी लिहिलं नव्हतं. त्या ऑपरेटरला कारणे दाखवा नोटीस निघाली.

तो कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी स्वतःचं वाक्य पुन्हा वाचलं, आणि मला फळ्यावरचं ते दार आठवलं.

रात्री बसून मी वाक्य नव्याने लिहिलं. आधी मराठीत: ‘आदल्या दिवशी गाळणी साफ करताना देखभाल विभागाने सक्शन व्हॉल्व्ह बंद केला होता. ऑपरेटरने सव्वादहाला पंप सुरू केला तेव्हा तो बंदच होता.’ इंग्रजीत पहिल्याला ‘हॅड क्लोज्ड’, म्हणजे कर्ता समोर आणि क्रिया आधीच्या काळातली. दुसऱ्यात ‘वॉज स्टिल क्लोज्ड’. त्या ‘स्टिल’ने तो शब्द क्रियेतून काढून स्थितीत बसवला. सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह बघायचं ऑपरेटरकडून राहिलं, तेही मी लिहिलं, कारण ते खरं होतं. पण बंद करणं वेगळं आणि बंद असलेला न बघणं वेगळं.

त्यानंतर मी माझे सगळेच रिपोर्ट प्रकरणाप्रकरणाने तपासायला लागले. तपासणीची पद्धत सांगणाऱ्या भागात पॅसिव्ह मला आजही योग्य वाटतो. ‘सील काढण्यात आलं, पृष्ठभाग भिंगाखाली पाहण्यात आला’, इथे कुणी काढलं याला महत्त्व नाही, काय केलं याला आहे. मात्र तिथे भूतकाळच हवा. आमच्याकडे तपासणीचा आराखडा आधी लिहिला जायचा, त्यात ‘केली जाईल’ असं असायचं, आणि रिपोर्ट बनवताना तो परिच्छेद तसाच उचलला जायचा. एका रिपोर्टमध्ये अशा एका चाचणीचा ‘विल बी’ तसाच राहिला होता. ती चाचणी झाली की राहिली, हे वाचून कळत नव्हतं. चौकशी केली तेव्हा समजलं, झालीच नव्हती.

निरीक्षणांच्या भागात सर्वांत जास्त जपावं लागतं. ‘सीलच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या भेगा दिसल्या’, हा भूतकाळ, कारण मी त्या एका सीलवर, त्या एका दिवशी पाहिल्या. हेच ‘सीलला भेगा पडतात’ असं लिहिलं की एका सीलवरून सगळ्या सीलांबद्दलचा नियम होतो. ‘पंप थरथरतो’ असं लिहिलं तर वाचणारा विचारेल, अजून? आत्ता चालू आहे का तो? पण त्याच पानावर ‘आकृती ३ मध्ये भेगा दिसतात’ हा वर्तमानकाळच बरोबर, कारण आकृती वाचणाऱ्याच्या हातात आहे, तो जेव्हा पान उघडेल तेव्हा ती दिसतेच.

कारणमीमांसेत दोन्ही काळ शेजारी येतात, आणि त्यातच सगळा युक्तिवाद असतो. ‘कोरडं फिरलेलं सील तापतं आणि उष्णतेने त्याला अशा भेगा पडतात’, हे सर्वमान्य, म्हणून वर्तमान. ‘या पंपात तसंच झालं’, हे आमचं म्हणणं, म्हणून भूत, आणि पुरावा थोडका असेल तर ‘झालं असावं’. दोन्ही वाक्यं एकाच काळात लिहिली की ज्ञात काय आणि आमचा अंदाज कुठून सुरू होतो, ती रेघ पुसली जाते.

शिफारशींच्या भागात मी पॅसिव्ह बहुतेक बंदच केला. जुन्या मसुद्यात होतं, ‘व्हॉल्व्हची स्थिती तपासली जावी.’ कुणी तपासायची? कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून सहा महिने कुणीच तपासली नसती. नव्याने लिहिलं, ‘काम संपल्यावर देखभाल विभागाचा फिटर आणि शिफ्ट इनचार्ज दोघे मिळून सक्शन व्हॉल्व्ह उघडतील आणि परमिटवर सही करतील. पंप सुरू करण्याआधी ऑपरेटर तो उघडा असल्याचं पाहील.’ तीन कर्ते, आणि कर्त्यावाचून एकही क्रियापद नाही.

दुरुस्त रिपोर्ट मी स्वतः वरिष्ठांकडे घेऊन गेले आणि पहिल्या वाक्यात काय चुकलं होतं ते समजावून सांगितलं. नोटीस मागे घेतली गेली. त्या ऑपरेटरला मी नवीन पान दाखवलं. इंग्रजी त्याला जेमतेम वाचता येत होतं. बोट ठेवून त्याने ‘स्टिल’ हा शब्द उच्चारला आणि विचारलं, “आनो अर्थ?” मी म्हटलं, “बंधज हतो.”